एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिताना अर्थ कुठे गळतो? कपाशीच्या एका पत्रकावरून

जून लागला की खानदेशात पत्रकांचाही हंगाम सुरू होतो. शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी सेवा केंद्र, गावातला शेतकरी गट, सगळ्यांना कपाशीवर काहीतरी छापायचं असतं किंवा मोबाइलवर पाठवायचं असतं. लिहिण्याचं काम बहुतेक वेळा गटातल्या सगळ्यात नव्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतं. मजकूर तयार होतो. मग कोणी म्हणतं लांब झालाय, कोणी म्हणतं भाषा सोपी करा, कोणी म्हणतं जरा वजनदार होऊ द्या. चार-पाच वेळा लिहून झाल्यावर सगळे म्हणतात, आता जमलं. पण त्या जमलेल्या पत्रकात मूळ सल्ला उरलेला नसतो, आणि हे कोणाच्याच लक्षात आलेलं नसतं.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. मजकूर सुधारू नये असं मला मुळीच म्हणायचं नाही. फेरलेखनात नुकसान नेमकं कुठे होतं आणि ते टाळायला हाताशी काय ठेवायचं, एवढंच इथे सांगतो. त्यासाठी गुलाबी बोंडअळीवरचा एकच परिच्छेद घेऊ आणि शेवटपर्यंत त्याच्याचबरोबर राहू.

आधी विषय समजून घ्या

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरून खाते, त्यामुळे बाहेरून ती दिसत नाही. म्हणून तिच्या पतंगांवर नजर ठेवावी लागते. त्यासाठी कामगंध सापळे असतात. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते आणि त्या वासाला फक्त नर पतंग येतात. निरीक्षणासाठी एकरी २ सापळे पुरतात. फवारणी कधी करायची याची एक ठरलेली पातळी आहे: एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग, तेही सलग ३ रात्री, किंवा हिरव्या बोंडांपैकी १० टक्के बोंडांत अळी. यातलं कोणतंही एक दिसलं की फवारणीचा विचार करायचा. त्याआधी केलेल्या फवारणीत पैसे जातात आणि मित्रकीटक मरतात. उशिरा केलेली फवारणी बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत पोचत नाही.

थोडक्यात, या सल्ल्याचा सगळा जीव आकड्यांत आणि अटींत आहे. आता मूळ परिच्छेद पाहा. एखाद्या जाणकाराने तो असा लिहून दिला आहे असं समजू:

*लागवडीनंतर दीड महिन्याने, पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री, दर रात्री एका सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा शेतात फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये अळी निघाली, तर नुकसानीची पातळी ओलांडली असे समजून फवारणीचा निर्णय घ्यावा.*

दुसरं वाक्य जड आहे. बांधावर उभं राहून वाचणाऱ्याला ते एका दमात कळणार नाही. तेव्हा सुधारणा हवी, यात वाद नाही.

चार फेऱ्यांत काय होतं

पहिल्या फेरीत कोणीतरी लांबी कमी करतो:

*लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग ३ दिवस ८ पतंग आढळल्यास किंवा २० पैकी २ बोंडांत अळी दिसल्यास फवारणी करावी.*

वाचायला नक्कीच सोपं झालं. गेलं काय? "पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी" गेलं, "दर रात्री" गेलं, "सरासरी" गेलं, "हिरव्या" गेलं. कापणाऱ्याला विषय माहीत होता, म्हणून त्याला हे शब्द जास्तीचे वाटले. त्याच्या डोक्यात ते आहेतच, त्यामुळे कागदावरचं वाक्य त्याला अजूनही पूर्ण वाटतं.

दुसऱ्या फेरीत मजकूर वेगळ्या माणसाकडे जातो. त्याच्यासमोर मूळ परिच्छेद नाही, फक्त हा छोटा केलेला आहे:

*जुलैअखेर एकरी २ कामगंध सापळे लावून पतंगांचे नियंत्रण करावे. ३ दिवसांत ८ पतंग सापडल्यास आणि बोंडांत अळी आढळल्यास त्वरित फवारणी करावी.*

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात मोठी पडझड याच फेरीत झाली आहे आणि ती करणारा माणूस निष्काळजी नव्हता. "सलग ३ दिवस ८ पतंग" हे त्याला अर्धवट वाटलं. रोज ८ की मिळून ८? "दर रात्री" आधीच गेल्यामुळे ठरवायला काही साधन नव्हतं, म्हणून त्याने जवळचा अर्थ धरून "३ दिवसांत ८" केलं. मूळ सल्ल्याप्रमाणे ३ रात्रींत एका सापळ्यात निदान २४ पतंग यायला हवेत. आता ८ वरच पंप काढायचा, म्हणजे एक तृतीयांशावर. सापळे कशासाठी हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने "नियंत्रण" भरलं, कारण कीड आणि सापळा म्हटलं की पुढे नियंत्रण हा शब्द हाताला आपोआप येतो. प्रत्यक्षात २ सापळ्यांनी कीड आटोक्यात येत नाही, ती आली आहे एवढंच कळतं. पतंग मोठ्या संख्येने पकडायचे असतील तर एकरी सापळे बरेच जास्त लागतात. "किंवा"चं "आणि" झालं, कारण दोन्ही गोष्टी एका ओळीत बसवताना "आणि" कानाला बरं लागतं. पण आता सापळा भरलेला असूनही बोंडात अळी सापडेपर्यंत शेतकरी थांबणार.

"जुलैअखेर" हा बदल सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. दीड महिना मोजत बसण्यापेक्षा महिना सांगितलेला बरा, असा त्यामागचा विचार. पण खानदेशात कपाशी एका वेळी लागत नाही. चोपडा-यावलकडे विहिरीचं पाणी आणि ठिबक असलेला शेतकरी मे सरता सरता किंवा जूनच्या सुरुवातीला लागवड उरकतो. पारोळा-शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानात पाऊस पडेपर्यंत, कधी जूनअखेरपर्यंत, बी जमिनीत जात नाही. पहिल्याचे दीड महिने जुलैच्या मध्याला भरतात आणि दुसऱ्याचे ऑगस्टच्या मध्याला. "जुलैअखेर" दोघांनाही चुकीचं आहे.

तिसऱ्या फेरीत कोणीतरी भाषा वजनदार करतो:

*कामगंध सापळ्यांच्या साहाय्याने गुलाबी बोंडअळीचे प्रभावी नियंत्रण शक्य आहे. पतंगांचा वाढता प्रादुर्भाव लक्षात घेऊन तातडीने फवारणीचे नियोजन करावे.*

एकही आकडा उरला नाही. गंमत म्हणजे व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही, वाचताना कुठे अडखळत नाही, आणि मंडळींना हाच मसुदा सगळ्यात आवडतो. "वाढता प्रादुर्भाव" म्हणजे किती, हे विचारलं तर मात्र कोणालाच सांगता येणार नाही.

चौथी फेरी सोपेपणासाठी:

*शेतकरी बंधूंनो, सापळे लावा, बोंडअळीला पळवा! पतंग दिसताच फवारणी करा.*

मूळ सल्ला होता: मोजा, आणि पातळी ओलांडली तरच फवारा. छापायला गेला तो: पतंग दिसला की फवारा. अर्थ नुसता कमी झाला नाही, उलटा झाला. आणि प्रत्येक फेरी आपापल्या जागी समजण्यासारखी होती.

असं का होतं

पहिलं कारण असं की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर उभी असते, विषयावर नाही. "दर रात्री" एकदा गेलं की दुसऱ्या फेरीतला माणूस कितीही हुशार असला तरी ते परत आणू शकत नाही, कारण त्याच्या समोरच्या कागदावर ते नाहीच. गळती एकाच दिशेने होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलो की अक्षरं फिकी पडतात, तसंच हे, पण एक मोठा फरक आहे. झेरॉक्स बिघडलेली डोळ्यांना दिसते. मजकूर मात्र बिघडताना गुळगुळीत होत जातो, म्हणून तो सुधारतोय असंच वाटत राहतं.

दुसरं कारण सवयीचं. जिथे जागा रिकामी दिसते तिथे आपण ओळखीचं काहीतरी भरतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसतं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि आठवून लिहायला लावली. काही वेळा एकाने लिहिलेलं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं पुढे दिलं. कथा आखूड होत गेली, अनोळखी तपशील गळाले किंवा त्यांच्या जागी वाचणाऱ्यांच्या ओळखीच्या गोष्टी आल्या. तिथे लोक आठवणीवर लिहीत होते आणि आपल्यासमोर कागद असतो, तरी "सापळे" पाहून "नियंत्रण" लिहिणारा हात तेच करतो.

आपल्याकडे तर हे चारशे वर्षांपूर्वीच कोणीतरी ओळखलं होतं. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जाताना पाठ बिघडले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ती शुद्ध केली. ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, बिघाड वेगवेगळ्या पाठांमुळे आला, असं त्यांनी स्वतः नोंदवलं. यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये, हेही बजावलं. आपली ओवी घालणाऱ्यांचाही हेतू बहुधा चांगलाच असेल.

तिसरं कारण म्हणजे तुमच्या डोळ्यांना पडणारी सवय. पाचव्यांदा वाचताना तुम्ही वाक्य वाचत नाही, आठवता. त्यामुळे खरी चूक दिसत नाही आणि बरं वाक्य उगाच शिळं वाटायला लागतं. मग ते बदलावंसं वाटतं. हा बदल वाचकासाठी नसतो, तुमच्या कंटाळ्यासाठी असतो.

नवा ओबडधोबडपणा कुठून येतो

अर्थ गळतो तो एक भाग झाला. दुसरा भाग असा की आधी नसलेला खडबडीतपणा फेरलेखनातून तयार होतो. मराठीत याचं मोठं कारण लिंग. एक शब्द बदलला की त्याला बांधलेली विशेषणं, सर्वनामं, क्रियापदं सगळी हलवावी लागतात, आणि एखादं हमखास राहून जातं.

मूळ वाक्य होतं: *हिरवे बोंड फोडून पाहावे, ते आतून किडलेले असल्यास मोजणीत धरावे.* कोणीतरी योग्यच सुचवलं की आपल्याकडे शेतकरी हिरव्या बोंडाला कैरी म्हणतात, तोच शब्द घ्या. बदल झाला: *हिरवी कैरी फोडून पाहावी, ते आतून किडलेले असल्यास मोजणीत धरावे.* पुढचं "ते" तसंच राहिलं. पुढच्या फेरीतल्या माणसाला "ते" खटकलं. कैरीशी त्याचा संबंध त्याला दिसला नाही, म्हणून त्याने स्वतःच्या अंदाजाने नाम घातलं: *हिरवी कैरी फोडून पाहावी, पीक आतून किडलेले असल्यास मोजणीत धरावे.* आता व्याकरण ठीक आहे आणि अर्थ गेला. पीक आतून कसं किडेल? एक राहून गेलेला "ते" आणि त्याची दुरुस्ती, एवढ्यात वाक्य हातातून गेलं.

लक्षात घ्या, "कैरी" हा बदल चांगला होता. तो करताना वाक्य सबंध पुन्हा म्हणायला हवं होतं: *हिरवी कैरी फोडून पाहावी, ती आतून किडलेली असल्यास मोजणीत धरावी.* म्हणून माझा नियम असा: नाम बदललं तर वाक्य पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत मोठ्याने वाचायचं, आणि पुढच्या वाक्यातही त्या नामाकडे बोट दाखवणारा शब्द आहे का ते पाहायचं.

दुसरा प्रकार शब्द आलटून पालटून वापरण्याचा. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द सारखा वापरू नये. मग पहिल्या ओळीत पतंग, दुसरीत कीटक, तिसरीत फुलपाखरे. शेतकऱ्याला वाटतं, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सूचनेच्या मजकुरात एका वस्तूला एकच नाव. दहा वेळा "पतंग" आलं तरी चालेल.

तिसरा प्रकार जोराचा. पत्रकात पुढे फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात राखून घेतलेल्या पिकावर, ओळ होती: *फरदड घेऊ नये. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या शेतातून काढून टाकाव्यात.* अळी सुप्तावस्थेत जुन्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत टिकते आणि पुढच्या हंगामाला तयार राहते, म्हणून हा सल्ला. एका फेरीत ते "शक्यतो फरदड टाळावी" होतं, पुढच्या फेरीत "फरदड टाळणे हिताचे ठरते". प्रत्येक वेळी सूर थोडा सौम्य, थोडा सभ्य. शेवटी वाचणाऱ्याला वाटतं, घेतली तरी बिघडत नाही. "नये"ला "शक्यतो" लावायचा अधिकार सल्ला देणाऱ्याचा आहे, भाषा नीट करणाऱ्याचा नाही.

आता काम कसं करायचं

पहिलं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. जाणकाराकडून आलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नावात "मूळ" लिहा, तारीख टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका. सुधारणा नेहमी तिच्या प्रतीवर. कागदावर काम करत असाल तर मूळ कागद पाठीमागे टाचून ठेवा, म्हणजे तो प्रत्येक हाताबरोबर फिरेल. दुसऱ्या फेरीतल्या माणसासमोर मूळ परिच्छेद असता तर "३ दिवसांत ८" झालंच नसतं.

दुसरं काम, हात लावायच्या आधी परिच्छेदातली हाडं वेगळी काढा. हाडं म्हणजे ज्यांना धक्का लागला तर सल्ला मोडतो ती. आकडा, तो कशामागे मोजायचा, किती काळ, "किंवा" की "आणि", कशासाठी, "नये" की "शक्यतो". आपल्या परिच्छेदाची हाडं अशी निघतात:

- सापळे: लागवडीनंतर दीड महिन्याने, एकरी २, फक्त लक्ष ठेवायला
- ८ किंवा जास्त पतंग: एका सापळ्यात, सरासरी, दर रात्री, सलग ३ रात्री
- किंवा
- २० हिरव्या बोंडांपैकी २ मध्ये अळी
- तरच फवारणीचा निर्णय

हे काढायला फार वेळ लागत नाही. यातलं काही तुम्हाला नीट कळलं नसेल तर ते इथेच उघडं पडतं, आणि जाणकाराला फोन करायची हीच वेळ. "सरासरी" म्हणजे दोन्ही सापळ्यांची का, हे आत्ता विचारा. पुढे अंदाजाने भरू नका.

तिसरं, प्रत्येक फेरीला एकच काम द्या आणि ते मसुद्याच्या वर लिहा. "ही फेरी: क्रम बदलणे." "ही फेरी: वाक्यं तोडणे." क्रमही ठरलेला ठेवा: आधी मजकूर बरोबर आणि पुरता आहे का, मग क्रम, मग वाक्यं, शेवटी शुद्धलेखन. उलट केलंत, म्हणजे आधी भाषा घोटून घेतलीत आणि मग एखादी अट आत घुसवलीत, तर ते ठिगळ शेवटपर्यंत दिसतं. फेरीला नाव देता येत नसेल, "जरा बरं करायचंय" एवढंच सांगता येत असेल, तर ती फेरी करू नका.

चौथी गोष्ट या लेखातली सगळ्यात महत्त्वाची. दोन फेऱ्यांनंतरही जमलं नसेल तर तिसरी फेरी दुसऱ्या मसुद्यावर करू नका. तो मसुदा बाजूला ठेवा, हाडांची यादी आणि मूळ परिच्छेद समोर घ्या, कोऱ्या पानावर नव्याने लिहा. हे जास्त कष्टाचं वाटतं, पण बहुतेक वेळा लवकर होतं, कारण आधीच्या माणसाच्या वाक्यरचनेशी झटापट करावी लागत नाही. आपला परिच्छेद तसा लिहिला तर असा होईल:

*लागवडीला दीड महिना झाला की एकरी २ कामगंध सापळे लावा. हे सापळे फक्त पतंग मोजायला आहेत, त्यांनी कीड आटोक्यात येत नाही. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा, लिहून ठेवा आणि काढून टाका. सोबत शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांच्या २० हिरव्या कैऱ्या तोडा आणि फोडून पाहा.*

*फवारणी केव्हा? पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट दिसली तर:*
*१) सलग ३ रात्री, दर रात्री एका सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग.*
*२) २० पैकी २ किंवा जास्त कैऱ्यांत अळी.*
*दोन्हींपैकी काहीच नसेल तर फवारू नका, मोजत राहा.*

हा मजकूर मूळपेक्षा लांब आहे, आणि तरी सोपा आहे. सोपं म्हणजे आखूड असा समज नव्या माणसांत फार असतो. इथे जड वाक्य तोडल्याने सोपेपणा आला, अटी काढल्याने नाही. "काढून टाका" ही ओळ मूळात नव्हती. कालचे पतंग सापळ्यात राहिले तर आजची मोजणी चुकते, म्हणून ती घातली. अशी भर घालायची असेल तर जाणकाराला दाखवूनच घाला.

पाचवं काम तुलनेचं. तुलना मागच्या मसुद्याशी करू नका, मूळाशी करा. मागच्याशी केली तर प्रत्येक बदल बारीक दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. आपल्या चार फेऱ्यांत शेजारशेजारचे मसुदे बऱ्यापैकी जुळतात, पहिला आणि शेवटचा समोरासमोर ठेवला की छातीत धस्स होतं. वर्डमध्ये लिहीत असाल तर `Review` मध्ये `Compare` आहे. तिथे मूळ फाइल आणि ताजी फाइल द्या. गुगल डॉक्समध्ये `File` खालच्या `Version history` मध्ये जुने मसुदे सापडतात. यंत्र फक्त बदल दाखवेल, अर्थ सांगणार नाही. म्हणून हाडांची यादी हातात घेऊन एकेक हाड ताज्या मजकुरात बोटाने दाखवता येतंय का ते पाहा. बोट ठेवायला जागा मिळाली नाही, तर ते गळालं.

मग माणसावर तपासा. पत्रक एखाद्या कापूस लावणाऱ्याला वाचायला द्या, आणि "समजलं का?" विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात. विचारा: "दादा, सापळ्यात काल ५ आले, आज ९, तर उद्या काय कराल?" मूळ सल्ल्याप्रमाणे उत्तर आहे, मोजत राहणार, आणि कैऱ्या फोडून पाहणार. "३ दिवसांत ८" वाचलेला माणूस म्हणेल, आजच फवारणार. "पतंग दिसताच" वाचलेला म्हणेल, कालच फवारलं असतं. असा एक प्रश्न जे उघड करतो ते दहा वेळा वाचूनही दिसत नाही. तो अहिराणीत उत्तर देत असेल तर देऊ द्या. स्वतःच्या बोलीत सांगताना माणूस पत्रकातलं वाक्य नुसतं परत म्हणत नाही, त्यामुळे त्याला खरंच काय कळलं ते ऐकू येतं.

थांबायचं केव्हा

फेरलेखन फायद्याचं केव्हा असतं, याची खूण सरळ आहे. त्या फेरीत बाहेरून काही आलं का? दादांचं चुकलेलं उत्तर, जाणकाराने सांगितलेली अट, नवा आकडा. असं काही आलं असेल तर बेलाशक पुन्हा लिहा, मजकूर सुधारेल. काहीच आलं नसेल आणि तुम्ही त्याच शब्दांना घोळवत असाल, तर त्या फेरीतून मिळण्यापेक्षा जाण्याचीच शक्यता जास्त.

आणखी दोन खुणा सांगतो. एक, बदल परत यायला लागतात. "आढळल्यास"चं "दिसल्यास" झालं, मग पुन्हा "आढळल्यास". हे दिसलं की हात काढून घ्या. दुसरी खूण जास्त गंभीर: वाक्य कुठेही चालण्यासारखं होतं. तिसऱ्या फेरीतल्या मजकुरात बोंडअळीच्या जागी दुसरी एखादी कीड घाला, वाक्य तसंच्या तसं चालेल. त्यात कपाशीचं काहीच उरलेलं नाही. अशा मजकुराची डागडुजी करू नका, सरळ मूळावर जा.

मूळच सापडत नसेल तर

पुष्कळदा तुमच्या हाती येतं ते मागच्या वर्षीचं पत्रक, आणि ते कशावरून केलं हे कोणालाच आठवत नसतं. भाषा नीट केल्याने त्यातला अर्थ परत येणार नाही. पत्रकातल्या प्रत्येक ठोस विधानाखाली रेघ ओढा आणि ते ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून पडताळून घ्या: तालुका कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र, किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशी. ज्याचा पडताळा मिळत नाही ते विधान काढून टाका. ते अंदाजाने दुरुस्त करण्यापेक्षा पत्रकातली एक ओळ कमी झालेली परवडते, कारण चुकीच्या आकड्यावर कोणीतरी पंप पाठीला लावणार आहे.

आणि या वर्षीचं पत्रक छापताना तळाशी बारीक अक्षरात एवढं घाला: सल्ला कोणाकडून घेतला, कोणत्या महिन्यात, मूळ फाइल कुठे आहे. पुढच्या जूनमध्ये हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.